दहा आकडे म्हणजे दहा आकडेच

"ताई, नंबर दहा आकडीच दिसतोय की, तरी तुमची शीट घेत का नाही? एवढं काय त्या दहा आकड्यांत?"

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते, दर हंगामात दहा जण विचारतात.

रावेर-सावदा भागातल्या केळीवाल्यांची यादी माझ्याकडे एक्सेलमध्ये असते. गाडी कधी येणार, कटाईची टोळी कधी येणार, भाव काय फुटला, हे सगळं त्या यादीवरून मेसेजने जातं. आधीच्या ऑपरेटरने फोनच्या कॉलमला चेक लावलेला होता, नाही असं नाही. तो असा:

```
=AND(LEN(B2)=10,ISNUMBER(--B2))
```

वाचलं तर बरोबरच वाटतं, लांबी दहा आणि आकडा आहे. मलाही बरोबर वाटलं असतं, पण मे महिन्यात एका काकांच्या बाबतीत जे झालं ते मी विसरू शकत नाही. व्यापाऱ्याची गाडी ऐनवेळी रद्द झाली, आदल्या रात्री सगळ्यांना मेसेज गेला की उद्या कापू नका. काकांना गेला नाही. त्यांनी पहाटे टोळी लावून घड कापले, बांधावर पाल्यावर मांडून गाडीची वाट बघत बसले. मेमधलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको, आणि कापलेला घड परत झाडाला लागत नाही. दुसऱ्या दिवशी जो मिळेल त्या भावाने दिला. नंतर ते ऑफिसला आले, ओरडले नाहीत, एवढंच विचारलं की पोरी, माझा नंबर तुमच्याकडे आहे ना? मी सेल उघडून दाखवला, आहे की काका. मग एकेक आकडा बोटाने मोजला तर नऊ. शेवटी एक स्पेस.

चेकने तो पास कसा केला? `LEN` आकडे मोजत नाही, अक्षरं मोजतं, नऊ आकडे आणि एक स्पेस मिळून दहा. आणि `--` ने मजकुराचा आकडा करताना एक्सेल शेवटची स्पेस सोडून देतं, म्हणून `ISNUMBER` पण हो म्हणतं. दोन्ही अटी खऱ्या आणि नंबर खोटा. याच चेकमधून `12345.6789` जातं, टिंबासकट दहा अक्षरं होतात. `-123456789` जातं. कॉलम Text असेल तर `01/06/2024` सुद्धा जातं, कारण `--` लावल्यावर एक्सेल त्याची तारीख करतं आणि तारीख त्याच्या हिशेबी आकडाच असते.

म्हणून आता मी एकेक अक्षर तपासते. कॉलम आधी Text करायचा, मग `Data Validation` मध्ये `Custom` निवडून हे सगळं एकाच ओळीत टाकायचं:

```
=AND(LEN(B2)=10,
SUMPRODUCT(--ISNUMBER(FIND(
MID(B2,ROW($1:$10),1),
"0123456789")))=10)
```

`MID` एकेक अक्षर काढतं, `FIND` ते त्या दहा आकड्यांत आहे का बघतं, दहाच्या दहा सापडले तरच हो. स्पेस, टिंब, वजा, शून्याच्या जागी टाईप केलेला ओ, मराठी कीबोर्डवरचे देवनागरी आकडे, सगळं बाहेर. पण `LEN` काढून टाकू नका. नंबर कमी आकडी असेल तर `MID` पुढे रिकामं देतं आणि `FIND` ला रिकामं नेहमी सापडतं, मग तीन आकडी नंबरही पास होईल.

आता तुमची तक्रार, की दहाच दिसतात. व्हॉट्सॅपवरून किंवा कॉन्टॅक्टमधून कॉपी केलं की कधीकधी मागे न दिसणारं अक्षर येतं. शेजारच्या सेलमध्ये `=LEN(B2)` टाका, दहापेक्षा जास्त आलं तर `=UNICODE(RIGHT(B2,1))` बघा. 160 आलं तर ती न तुटणारी स्पेस, `TRIM` ने जात नाही. 8236 आलं तर मजकुराची दिशा ठरवणारं चिन्ह. सरळ हाताने टाईप करा, सुटतं. आणि सेलच्या आत जाऊन पेस्ट केलं तरच एक्सेल अडवतं, नुसत्या सेलवर पेस्ट केलेल्याला अडवतच नाही, उलट अशा पेस्टने चेकच पुसला जाऊ शकतो, म्हणून मी तेच सूत्र शेजारच्या कॉलममध्ये पण ठेवते आणि फिल्टर लावून फक्त `FALSE` बघते. शीट हट्टी आहे असं म्हणता ना, खरं तर ती अजून पुरेशी हट्टी नाही.

जळगावचा लँडलाईन 257 हा कोड धरून, पुढचं शून्य सोडून लिहिला तर तोही दहा आकडी, पास होतो. मोबाईल 6, 7, 8, 9 नेच सुरू होतो, तेवढी अट वाढवता येते. पण मधला एक आकडा चुकला तर कुठलंच सूत्र पकडू शकत नाही, मोबाईल नंबरात तसा तपासणीचा आकडा नसतोच.

आधी मी म्हणायचे की नुसती वॉर्निंग द्यावी, माणसाला अडवू नये. काकांनंतर `Stop` लावलं. तर आता काही पोरं नंबर नसला की 9999999999 टाकून पुढे जातात, आणि माझं सूत्र त्याला हो म्हणतं. रिकामा सेल तरी दिसला असता, कुणीतरी फोन करून विचारलं असतं. मग वॉर्निंगच बरी होती का? असं वाटतं, आणि मग ती स्पेस आठवते. सध्या `Stop` आहे, `Ignore blank` टिक केलंय. नंबर नसेल तर सेल मोकळा सोडा, मी स्वतः विचारून भरते.