गुलाबी दिसलेला स्टॅफ

डीएमएलटी या लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या प्रॅक्टिकलला मला मिळालेल्या ट्यूबवर फक्त ‘७’ लिहिलं होतं. आत न्यूट्रिएंट अगारच्या स्लँटवर वाढ, आणि सोबत त्याच जंतूच्या आदल्या दिवशी लावलेल्या दोन प्लेट्स: एक ब्लड अगार, एक मॅकॉन्की. ग्रॅम करायचं, म्हणजे जंतू रंगवून तो जांभळा राहतो, म्हणजे पॉझिटिव्ह, की गुलाबी होतो, म्हणजे निगेटिव्ह, ते पाहायचं; प्लेट्स वाचायच्या आणि जंतू कोणता ते सांगायचं.

स्लँटवरून स्मिअर केला, वाळवला, ज्योतीवरून तीनदा फिरवून फिक्स केला. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, ग्रॅम्स आयोडीन एक मिनिट. मग ॲसिटोन. इथे माझा हात थरथरला. स्लाइड तिरकी धरून मी ओतत राहिले, जांभळं पाणी यायचं थांबल्यावरही. शेवटी सॅफ्रॅनिन. ऑइल इमर्शनखाली पाहिलं तर द्राक्षांच्या घडासारखे कोकाय, म्हणजे गोल जंतू, पण सगळे गुलाबी. मी निमूटपणे लिहून टाकलं: ग्रॅम निगेटिव्ह कोकाय, क्लस्टरमध्ये.

एक्स्टर्नल मॅडमनी डोळा लावला, काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “मॅकॉन्कीवर काय आलंय?”

“काहीच नाही, मॅडम.”

“का नाही?”

हे मला पाठ होतं. मॅकॉन्कीत बाइल सॉल्ट्स आणि क्रिस्टल व्हायोलेट असतं, ते ग्रॅम पॉझिटिव्हला वाढू देत नाही. वाक्य पूर्ण होता होताच माझ्या लक्षात आलं की मी स्वतःचंच उत्तर खोडत होते. गोनोकोकायसारखे काही ग्रॅम निगेटिव्ह कोकायही मॅकॉन्कीवर येत नाहीत, पण ते जोडीजोडीने दिसतात आणि साध्या न्यूट्रिएंट अगारवर उगवतही नाहीत. माझा जंतू तिथे मजेत वाढला होता. म्हणजे प्लेट खरी होती आणि माझी स्लाइड खोटी.

“कुठे चुकलं असेल?” मॅडम म्हणाल्या.

क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन मिळून पेशीत एक मोठं संयुग बनतं. ग्रॅम पॉझिटिव्हची पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड असते. ॲसिटोनने तिच्यातलं पाणी जाऊन ती आक्रसते आणि ते संयुग आत अडकतं. ग्रॅम निगेटिव्हमध्ये बाहेरचा चरबीचा पापुद्रा विरघळतो, भिंत पातळ, रंग निघून जातो. पण हा फरक वेळेचा आहे. ॲसिटोन जास्त वेळ राहिलं तर जाड भिंतीतूनही रंग गळतो. ॲसिटोनला दोन-तीन सेकंदच पुरतात. आमच्याकडे सराव अल्कोहोलवर झाला होता आणि ते जरा सावकाश काम करतं. हात त्याच हिशोबाने चालला.

मॅडमनी दुसरा प्रश्न विचारला, “स्लँट कधीचा आहे, विचारलंस?” नव्हतं विचारलं. लॅबमधले काका म्हणाले, तीन दिवसांपूर्वीचा. जुन्या कल्चरमध्ये मेलेल्या पेशींची भिंत फुटकी होते, त्या रंग धरत नाहीत. म्हणून ग्रॅम १८ ते २४ तासांच्या वाढीवरून करायचं, हे मी जर्नलमध्ये स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

मॅडमनी पुन्हा करायला परवानगी दिली. या वेळी मी कंट्रोल मागितले. एकाच स्लाइडवर डावीकडे ग्रॅम निगेटिव्ह ई. कोलाय, उजवीकडे ओळखीचा ग्रॅम पॉझिटिव्ह स्टॅफिलोकोकस आणि मधे माझा ‘७’. तिघांवर ॲसिटोन सारखंच पडणार. उजवा गुलाबी आला तर ॲसिटोन जास्त झालं, डावा जांभळा राहिला तर कमी झालं किंवा स्मिअर जाड झाला.

‘७’ घेतला ब्लड अगारवरून. पण तिथे क्रीमसर, गोल कॉलनीजशिवाय कडेला एक कोरडी, पसरट कॉलनीही होती. “ती का नाही घेत?” मॅडम लगेच म्हणाल्या. मी स्ट्रीकिंगच्या रेघा दाखवल्या. सगळ्या कॉलनीज रेघांवर होत्या, ही एकटी रेघेबाहेर. लूप जिथे गेलाच नाही तिथे उगवलेलं बहुधा हवेतून पडलेलं असतं, कोणीतरी झाकण जरा जास्तच उघडलं असणार. लूप लाल करून मी कॉलनीपासून लांब, मोकळ्या अगारला टेकवून गार केला. गरम लूपने कॉलनी उचलली तर चर्र आवाज येतो आणि जंतू तिथेच भाजतात. (पहिल्या वर्षी हा आवाज मी बराच काढला आहे.)

ॲसिटोन, मनात ‘एक, दोन’, लगेच पाणी. डावे गुलाबी दांडके, उजवे जांभळे घड आणि मधेही जांभळे घड.

आता हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडबुडे येतात का ते बघून, म्हणजे कॅटलेज करून, स्टॅफ नक्की करते म्हटलं, तर मॅडमनी माझा ब्लड अगारकडे जाणारा हात थांबवला. रक्ताच्या पेशींतच कॅटलेज असतं, अगारचा कण जरी चिकटला तरी खोटे बुडबुडे येतात. न्यूट्रिएंट अगारवरून घेतलं, आणि फसफसलं.

पहिल्या स्लाइडचे मार्क गेलेच. वर मॅडमनी जर्नलमध्ये दोन्ही स्लाइड्सची चित्रं शेजारी-शेजारी काढायला लावली आणि गुलाबी चित्राखाली ॲसिटोनचे सेकंद लिहायला सांगितले. ते मला आठवत नव्हते, म्हणून ती जागा तशीच कोरी आहे.