पार्किंगची सोडत आणि हौजीच्या सोंगट्या

इंदूरला सुदामानगरकडच्या आमच्या इमारतीत सहा मजले, प्रत्येक मजल्यावर चार फ्लॅट आणि खाली गाड्यांसाठी बरोबर चोवीस जागा आहेत. त्यांतल्या चार जागा लिफ्टजवळ, पूर्ण सावलीत. बाकीच्यांत कुठे खांब आडवा येतो, कुठे पावसाचं पाणी आत येतं. दर वर्षी चिठ्ठ्या टाकून जागा वाटायच्या असा ठराव आहे. गेल्या दोन्ही सोडतींत चांगल्या जागा पाचव्या-सहाव्या मजल्याकडे गेल्या आणि खालच्या मजल्यावरच्या काकांनी बैठकीत सरळ विचारलं, ‘‘डब्यात हात कोणाचा होता?’’ हात सचिवांच्या नातीचा होता, वय वर्षं पाच. त्यामुळे आरोप तिथेच विरला, पण शंका गेली नाही. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे सचिव म्हणाले, ‘‘ताई, इस बार आप ही करवा दो.’’

चिठ्ठ्याच नकोत, हा पहिला सूर होता. नाणं उडवा, फासे टाका, त्यात लबाडी होत नाही, असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं.

नाण्याचं गणित आता बऱ्यापैकी माहीत आहे. संख्याशास्त्रज्ञ पर्सी डायकोनिस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2007 साली असं मांडलं की अंगठ्याने उडवलेलं नाणं हवेत फिरताना थोडं डगमगतंही, आणि त्यामुळे सुरुवातीला वर असलेली बाजू हवेत किंचित जास्त वेळ वरच राहते. झेललं की तीच बाजू वर मिळण्याची शक्यता त्यांच्या हिशेबाने सुमारे 51 टक्के. मग 2023 साली 48 जणांनी मिळून 3,50,757 वेळा नाणी उडवून पाहिली आणि 50.8 टक्के वेळा सुरुवातीचीच बाजू आली. छापा जास्त की काटा जास्त, असा फरक मात्र त्यात दिसला नाही. म्हणजे दोष नाण्याचा नसून उडवण्याचा आहे. त्यावर उपायही सोपा आहे: अंगठ्यावर कोणती बाजू वर आहे हे बघायच्या आत दुसऱ्याने छापा की काटा ते सांगून टाकायचं. टेबलावर नाणं भिंगरीसारखं फिरवण्याचं प्रकरण वेगळं. तिथे कडेची घडण आणि वजनाचा कल यांमुळे एक बाजू बरीच जास्त पडू शकते, म्हणून वाद मिटवायला नाणं फिरवू नये, उडवावं.

फाशाचा दोष फाशातच असतो. वेल्डन नावाच्या इंग्लिश शास्त्रज्ञाने 1894 च्या सुमारास बारा फासे एकदम, असे 26,306 वेळा टाकून नोंदी ठेवल्या. पाच किंवा सहा पडण्याचं प्रमाण एक तृतीयांश, म्हणजे 33.33 टक्के यायला हवं होतं. आलं 33.77. याचं नेहमी दिलं जाणारं कारण असं की ठिपके कोरून केलेल्या फाशात सहाच्या बाजूचं सामान सर्वांत जास्त खरवडलेलं असतं आणि समोरची एकाची बाजू त्या मानाने जड राहते. जड बाजू खाली बसते, सहा वर येतो. कॅसिनोतले फासे म्हणूनच पारदर्शक असतात आणि त्यांचे ठिपके तेवढ्याच घनतेच्या पदार्थाने भरून सपाट केलेले असतात. घरातला ल्यूडोचा फासा तपासायचा तर पेलाभर पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालावं आणि फासा त्यात सोडून टिचकीने फिरवावा. पुन्हा पुन्हा एकच बाजू वर आली तर वजनाचा कल आहे. काही फासे तरंगतच नाहीत, मग ही तपासणी होत नाही. आणि एखादी बाजू किंचित आखूड असेल तर तेही यात कळत नाही.

पण आमच्या कामाला फाशांची अडचण निराळीच होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दोन फाशांची बेरीज घ्या असं सुचवलं. बेरीज सात सहा प्रकारे येते आणि दोन एकाच प्रकारे, म्हणजे सात नंबरवाल्याची चांदीच. दोन वेगळ्या रंगांचे फासे घेतले तर छत्तीस जोड्या होतात, पण आम्हाला हव्यात चोवीस. उरलेल्या बारा जोड्या पुन्हा पहिल्या बारांना वाटल्या तर त्यांची शक्यता दुप्पट होते. त्या पडल्या की सोडून द्यायच्या आणि परत टाकायचे, हाच सरळ मार्ग, आणि आधी येऊन गेलेली जोडीही सोडावी लागणार. चोवीस घरांसाठी हे करत बसलो असतो तर पोहे थंड झाले असते.

माझं मत त्या बैठकीतच पक्कं झालं: लोक ज्या नाण्या-फाशांवर वाद घालतात त्यांचा कल शंभरात एखादा, तोही मोठ्या मेहनतीने मोजावा लागणारा. चिठ्ठ्यांचा कल मात्र उघड्या डोळ्यांनी दिसण्याइतका असू शकतो आणि त्याकडे कोणी बघत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. 1 डिसेंबर 1969 ला तिथे सैन्यभरतीची सोडत निघाली. लीप वर्षाच्या 366 तारखा निळ्या प्लास्टिकच्या कुप्यांत घातल्या होत्या. जी तारीख आधी निघेल त्या तारखेला जन्मलेल्या मुलांना आधी बोलावणं. कुप्या पेटीत महिन्याच्या क्रमाने पडल्या, डिसेंबर सर्वांत शेवटी, आणि नंतर पुरेशा ढवळल्या गेल्या नाहीत. निकाल असा की डिसेंबरच्या 31 तारखांपैकी 26 पहिल्या अर्ध्यात निघाल्या. जानेवारीच्या तारखांचा सरासरी क्रमांक 201 आला, डिसेंबरचा 121. यायला हवा होता 183 च्या आसपास. कोणीही फसवलं नव्हतं. कुप्या कमी ढवळणं एवढंच कारण, आणि पणाला लागलेलं होतं व्हिएतनामला जाणं.

आमच्याकडे चिठ्ठ्या कशा होतात ते सचिवांनी सांगितलं आणि माझा संशय तिकडेच वळला. रजिस्टर पुढ्यात घेऊन 101, 102 असं लिहीत जायचं, घडी घालायची, स्टीलच्या डब्यात टाकायची. शेवटी 604. मग झाकण लावून डबा हलवायचा. जागा चांगलीपासून वाईटापर्यंत ठरलेल्या क्रमाने वाटायच्या, म्हणजे पहिली चिठ्ठी ज्याची त्याला लिफ्टजवळची सावली.

घरी तस्साच डबा, तशाच चिठ्ठ्या घेतल्या आणि त्याच क्रमाने भरून, सचिव हलवतात तेवढंच हलवून एकेक काढली. वरच्या दोन मजल्यांच्या आठ चिठ्ठ्या कितव्या निघतात ते लिहीत गेले. एका फेरीत त्या 1, 2, 3, 5, 8, 9, 13 आणि 17 व्या निघाल्या. बेरीज 58, सरासरी 7.25. चिठ्ठ्या नीट मिसळल्या असतील तर ही सरासरी 12.5 च्या आसपास हवी, आणि शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव वेळा ती साधारण साडेआठ ते साडेसोळाच्या मध्ये पडते. एका फेरीवरून काही सिद्ध होत नाही, पण पुढच्या फेऱ्यांतही सरासरी 12.5 च्या खालीच राहत गेली. मग डब्यात डोकावून पाहिलं. चौघडी घातलेल्या चिठ्ठ्यांच्या कडा एकमेकींत अडकून गठ्ठे होतात आणि डबा हलवला की गठ्ठाच्या गठ्ठा फिरतो, आतला क्रम बदलत नाही. सैल घडीची, फुगीर चिठ्ठी हलवताना वर सरकते. प्लास्टिकच्या बरणीत करून पाहिलं तर कोरड्या हवेत दोन-तीन चिठ्ठ्या भिंतीलाच चिकटून बसल्या.

म्हणून कागद बाद केला. गणपतीत आम्ही हौजी खेळतो, तिच्या गोल सोंगट्या क्लब हाउसच्या कपाटात होत्या. सगळ्या एका आकाराच्या, एका वजनाच्या, घडीचा प्रश्न नाही. त्यातही दोन संच होते. एकात आकडे उठावाचे होते आणि बोटाला कळत होते, तो बाजूला ठेवला. छापील आकड्यांचा घेतला. 1 ते 24 म्हणजे 101 पासून 604 पर्यंतचे फ्लॅट, 31 ते 54 म्हणजे पार्किंगच्या जागा. कोणता आकडा कोणाचा याची यादी आदल्या दिवशी लिफ्टशेजारी लावली.

पिशव्या दोन घेतल्या, यावर मी अडून बसले होते. एका पिशवीतून फ्लॅट, दुसरीतून जागा, आणि जोडी जाहीर. यातली खुबी अशी की एक पिशवी नीट मिसळली नाही तरी चालतं. समजा फ्लॅटच्या सोंगट्या अगदी 1, 2, 3 अशा ओळीने निघाल्या. जागांची पिशवी चांगली ढवळलेली असेल तर कोणाला कोणती जागा हे तरीही पूर्णपणे नशिबावरच राहतं. बिघडायचं तर दोन्ही पिशव्या बिघडाव्या लागतात. पिशव्या कापडी, रुंद तोंडाच्या घेतल्या आणि नुसत्या हलवल्या नाहीत. हात तळापर्यंत घालून खालचं वर केलं, पालथ्या घालून परत भरल्या.

सोडतीच्या सकाळी गच्चीवर सगळ्यांसमोर सोंगट्या मोजल्या. पहिल्यांदा हात कोणी घालायचा यावरून थोडं वाजलंच. आधी काढणाऱ्याला फायदा, अशी समजूत घट्ट असते. मी एवढंच सांगितलं: 31 नंबरची जागा पहिल्याला मिळण्याची शक्यता 24 त 1. दुसऱ्याला ती मिळायला आधी पहिल्याला न मिळणं हवं, म्हणजे 24 त 23, आणि मग उरलेल्या 23 तून ती लागणं. गुणाकार परत 24 त 1. शेवटच्या माणसापर्यंत हेच. ते काही जणांना पटलं आणि बाकीच्यांना भूक लागली होती. एक नियम मात्र आधी वदवून घेतला: निघालं ते निघालं, ‘परत काढा’ नाही. निकाल पाहून परत काढण्याची मुभा दिली की ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूला सोडत झुकते. अदलाबदल दोघांनी आपसांत खुशाल करावी.

चार चांगल्या जागांपैकी दोन दुसऱ्या मजल्याला गेल्या. काका लगेच म्हणाले, ‘‘बघा ताई, पुन्हा एकाच मजल्याला दोन!’’ मी रजिस्टरच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. चार जागा चार वेगळ्या मजल्यांवर जायच्या तर पहिली कुठेही जाऊ दे. दुसरीला उरलेल्या 23 घरांपैकी 20 चालतील, तिसरीला 22 पैकी 16, चौथीला 21 पैकी 12. गुणाकार येतो 0.36. म्हणजे शंभरातल्या चौसष्ट सोडतींत कुठल्या तरी एका मजल्याला दोन किंवा जास्त जाणारच. काकांनी चष्मा लावून गुणाकार स्वतः करून पाहिला, आकडा बरोबर आल्यावर पान फाडून खिशात घातलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्यांकडे अदलाबदलीचं बोलायला गेले.