चौदा इंच सात सूत

२१ मार्च, रात्री

ताईच्या चिमीला आज चार महिने पूर्ण झाले. दुपारी ऊन असं होतं की रिक्षाच्या सीटला हात लावला तर चटका बसावा, म्हणून संध्याकाळची वेळ घेतली होती. डॉक्टरांनी वजन केलं, लांबी मोजली, मग डोक्याभोवती टेप गुंडाळून घेर घेतला: ४०.५ सेंटीमीटर. वाढीच्या तक्त्यात चार महिन्यांच्या मुलींची मधली, म्हणजे सरासरीची, रेघ ४०.६ वर आहे, म्हणजे उत्तमच. पण ते म्हणाले, "आधीची मापं असतील तर आणा. एका ठिपक्यावरून मला काही कळत नाही, रेघ कुठून कुठं चालली आहे ते बघायचंय."

जन्माचं माप डिस्चार्ज कार्डावर आहे, ३३.८. मधले तीन महिने ताई इथं माहेरी, आणि लसीच्या कार्डावर फक्त वजनं लिहिलेली. ताईचा चेहरा पडला. तेवढ्यात आई म्हणाली, "माझ्याकडं आहेत की!"

आई वीस-पंचवीस वर्षं शाळेचे गणवेश शिवते. सोलापुरात गल्लोगल्ली हे काम चालतं, त्यामुळे आमच्या घरात सेंटीमीटर फक्त कंपासपेटीत. बाकी सगळं इंच आणि सूत. आठ सूत म्हणजे एक इंच. चिमीला टोपडी शिवायची म्हणून आईनं दर महिन्याला तिचं डोकं मोजलं आणि गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीत, कुणाच्या तरी हाफ पँटच्या खाली, लिहून ठेवलं:

महिना झाला — १४ इं ३ सू
संक्रांत — १४ इं ७ सू
तीन महिने — १५ इं ४ सू

दाजी पुण्याहून फोनवर होते. त्यांना वाचून दाखवलं आणि जेवणं होईपर्यंत त्यांनी आलेख करून पाठवलासुद्धा. आलेखात दुसऱ्या महिन्याला चांगला खळगा. ३७.३ सेंटीमीटर, आणि दोन महिन्यांच्या मुलींची मधली रेघ ३८.३ वर. पूर्ण एक सेंटीमीटर खाली! त्याच्या खालची रेघ ३७.० वर आहे, तिला जवळजवळ टेकलेलं. ताई लगेच म्हणायला लागली की तेव्हा तिला सर्दी झाली होती, दूध कमी प्यायली असेल. सर्दीनं डोक्याचा घेर अडत नाही, पण हे आत्ता तिला कोण सांगणार.

मी दाजींचे आकडे उलटे चालवून पाहिले. ३७.३ ला २.५४ नं भागलं तर १४.७ येतं. म्हणजे त्यांनी १४ इंच ७ सूत हे १४.७ असं घातलं होतं. सूत दहात मोजत नाहीत, आठात मोजतात. सात सूत म्हणजे इंचाचे सात अष्टमांश, ०.८७५. तेव्हा खरा हिशोब असा:

(१४ + ७ ÷ ८) × २.५४ = १४.८७५ × २.५४ = ३७.७८

म्हणजे ३७.८. एका टिंबानं पोरीचं डोकं अर्धा सेंटीमीटर लहान केलं होतं. या चुकीची गंमत अशी की ती सगळीकडं सारखी नसते. एक सूत असेल तर फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, चार सूत असतील तर अडीच मिलिमीटर, आणि सात सूत असतील तर साडेचार. सगळे ठिपके सारखेच खाली सरकले असते तर रेघेचा आकार तरी टिकला असता. इथं नेमका एकच ठिपका बाकीच्यांपेक्षा जास्त खाली ओढला जातो आणि खोटा खळगा दिसतो. दाजींच्या आलेखात पहिल्या महिन्याचा आकडा ३६.३ होता, तो ३६.५ झाला. तिसऱ्याचा ३९.१ होता, तो ३९.४ झाला. दुसऱ्याचा सगळ्यात जास्त हलला.

बाबा तोवर पेपरच्या कोऱ्या कडेवर गणित मांडत बसले होते. त्यांचं म्हणणं, अडीचनं गुण, उगाच काय ते चोपन्न. साडी, ओढणी, पडद्याचं कापड, सगळं अडीचनं चालतं आणि चालायलाही हरकत नाही. पण १४.८७५ ला अडीचनं गुणलं की ३७.२ येतात. पुन्हा सहा मिलिमीटर गेले. या वयात तक्त्यावरच्या दोन शेजारच्या रेघांमध्ये साधारण सव्वा सेंटीमीटरच अंतर असतं, म्हणजे निम्मी वाट तिथंच सरली. २.५४ हा आकडा अंदाजाचा नाही, इंचाची व्याख्याच १९५९ पासून तेवढ्या सेंटीमीटरवर बांधलेली आहे. गुणायचं त्यानंच, आणि आकडा जवळच्या मिलिमीटरला आणायचा तो गुणून झाल्यावर, शेवटी एकदाच.

याच हिशोबात एक गोष्ट मला आज पहिल्यांदा नीट दिसली. अर्धा इंच म्हणजे १.२७ सेंटीमीटर, आणि तक्त्यावरच्या दोन रेघांमधलं अंतरही जवळपास तेवढंच. म्हणजे कुणी "साडेचौदा असेल, नाहीतर पंधरा" असं सांगितलं, तर त्या बोलण्यात बाळ एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर जातं. ताईला संक्रांतीचं माप तोंडपाठ होतं, "पंधराच की." पंधरा म्हणजे ३८.१. साडेचौदा म्हणजे ३६.८. एक आकडा मधल्या रेघेशेजारी, दुसरा खालच्या रेघेच्याही खाली, आणि पोरगी तीच. टोपड्याला अर्धा इंच इकडं-तिकडं चालतो, नाडी बांधली की झालं. तक्त्याला नाही चालत. आईनं सूत लिहिले नसते तर ही मापं डॉक्टरांना नेऊन देण्यात काही अर्थच नव्हता.

तरी ३७.८ सुद्धा ३८.३ च्या अर्धा सेंटीमीटर खालीच राहतो. मग मी वहीतल्या नोंदींचे दिवस पाहिले. बाकी दोन मापं बरोबर तिथीला, म्हणजे एकवीस तारखेला घेतलेली. मधलं संक्रांतीचं. गड्डा जत्रेच्या गर्दीत न्यायचं तर डोकं झाकायला हवं म्हणून टोपडं घाईनं शिवलं होतं, ते मलाही आठवतं. जन्म २१ नोव्हेंबरचा, संक्रांत १४ जानेवारीची, म्हणजे चिमी तेव्हा ५४ दिवसांची होती. दाजींनी ते माप दोन महिन्यांच्या जागी मांडलं होतं, एक आठवडा पुढं. एरवी आठवड्यानं काय बिघडतं? पण दुसऱ्या महिन्यात मुलींचं डोकं सरासरी १.८ सेंटीमीटर वाढतं, ३६.५ वरून ३८.३ वर, म्हणजे आठवड्याला चार मिलिमीटर. तो एक आठवडा एका सुतापेक्षाही मोठा. ५४ दिवसांच्या जागी मधली रेघ ३७.९ च्या आसपास येते. आपला ठिपका ३७.८.

खळगा गेला.

आता राहिला प्रश्न आईच्या टेपचा. दोन शंका होत्या. पहिली, टेप ताणलेली तर नाही? कापडी टेप वापरून वापरून लांबते, आणि लांबलेली टेप माप कमी दाखवते. कंपासमधली स्टीलची पट्टी शेजारी ठेवली. टेपवरचे ५ इंच पट्टीवर बरोबर १२.७ ला आले. (टेप उलटी करून मागचे सेंटीमीटर वाचायचा सोपा मार्ग मी आधी बघितला होता. पण आमच्या टेपची मागची बाजू दुसऱ्या टोकापासून सुरू होते. पुढं पावणेपंधरा, तर मागं शंभराच्या वरचा काहीतरी आकडा.)

दुसरी शंका, वहीतलं माप डोक्याचं की टोपड्याचं? हे विचारल्यावर आई जरा चिडलीच. "वहीत अंगावरचंच माप असतं. सैल किती सोडायचं ते कापताना बघते मी. गिऱ्हाईक लिहून घेताना कुणी सैल धरून लिहितं का?" आणि माप कुठून घेते? भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरून, आणि मागं जिथं डोकं सगळ्यात जास्त बाहेर येतं तिथून. टोपडं डोक्यावरून उतरायचं तर सगळ्यात मोठा घेरच धरावा लागतो. डॉक्टरांनीही संध्याकाळी टेप तिथूनच फिरवली होती, एकदा जरा वर, एकदा जरा खाली, आणि मोठा आकडा लिहिला होता.

चिमी झोपली होती, तरी आईला म्हटलं, आत्ता मोजून दाखव. आईनं मानेखाली हात घालून अलगद टेप सरकवली, कपाळावर दोन टोकं जुळवली, चष्मा वर करून डोळे बारीक केले. "पंधरा इंच सात सूत. जरा वरच." १५.८७५ गुणिले २.५४ म्हणजे ४०.३. डॉक्टरांचं ४०.५. दोन मिलिमीटरचा फरक, आणि एक सूत तीन मिलिमीटरहून थोडा मोठाच असतो. आईच्या "जरा वरच" मध्ये तो बसतो. एकाच दिवशी दोन टेपांनी घेतलेली मापं इतकी जवळ आल्यावर मागच्या तीन मापांवर माझा भरवसा बसला. निदान सुताभराचा.

त्यापलीकडचा नाही, हेही लिहून ठेवते. कॅल्क्युलेटर ३७.७८२५ दाखवतो, पण आईची नजर दोन सुतांच्या मध्ये थांबत नाही. जवळच्या रेघेवर वाचलं तर दीड मिलिमीटर इकडं-तिकडं होणारच, आणि मागचे आकडे कितीही लिहिले तरी ते माप त्याहून बारीक होत नाही. म्हणून कागदावर मी तीनही मापं मिलिमीटरपर्यंतच लिहिली, प्रत्येकाशेजारी मूळ इंच-सूत आणि खरी तारीख, वर "घरचं माप, शिवणाची टेप". तक्त्यावर हे ठिपके पोकळ काढलेत, दवाखान्यातले दोन भरीव. ३३.८, ३६.५, ३७.८, ३९.४, ४०.५. मधल्या रेघेला सगळीकडं धरून, किंचित खाली. डॉक्टरांना पटलं तर घेतील, नाही तर आजपासून पुढचं त्यांचंच माप धरायचं.

दाजींना दुरुस्त कागद पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "सूत म्हणजे दशांश नसतो हे लग्नात कुणी सांगितलं नाही." ताई हसली एकदाची.

आईला म्हटलं, पुढच्या महिन्यापासून सेंटीमीटरच लिहीत जा. ती म्हणाली, "मला सेंटीमीटरवर टोपडं बेतता येत नाही." मग वहीत दोन रकाने आखले, इंच-सुताचा तिचा, सेंटीमीटरचा माझा. तिथी आणि सण तिला लिहायचे तेवढे लिहू देत, शेजारी तारीख मी घालणार.