आमची वाटचाल: शेवटचे ८ आठवडे आणि २४०० जोड

बावीस वर्षं आम्ही चपला-बुटांचं दुकान चालवलं, आणि जागा सोडायची तारीख हातात पडली तेव्हा बरोबर ८ आठवडे उरले होते. त्या ८ आठवड्यांबद्दल लिहायचंय, कारण दुकान सुरू कसं करायचं हे सगळे सांगतात, बंद करताना माल कसा काढायचा हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

सेलचा बोर्ड लावायच्या आधी दोन कामं केली. नवीन ऑर्डर थांबवल्या आणि ज्या सप्लायरचे न उघडलेले कार्टन होते त्यांना परत घ्याल का विचारलं, एकाने घेतले. मग दोन रात्री बसून मोजणी. रजिस्टरमध्ये माल जास्त होता, प्रत्यक्षात निघाले २४०० जोड, आणि मोजताना डिस्प्लेवरचे ३८ सुटे बूट सापडले ज्यांचा दुसरा पाय माळ्यावर कुठल्यातरी खोक्यात होता. ते जोड जुळवायला अख्खा रविवार गेला, पण सेल सुरू झाल्यावर गर्दीत ते काम झालंच नसतं आणि सुटा बूट कुणी फुकटही नेत नाही.

शेवटचा आठवडा रॅक काढायला आणि साफसफाईला ठेवला, म्हणजे विकायला हातात ७च. २४०० भागिले ७, म्हणजे आठवड्याला साधारण ३४० जोड जायला हवेत. एरवी आमचे ९० जायचे! हा आकडा काउंटरमागे कागदावर लिहून चिकटवला आणि दर रविवारी उरलेला माल भागिले उरलेले आठवडे असा नवा आकडा लिहायचो.

पहिल्या आठवड्यात २० टक्के सूट, नेहमीचे लोक आले, ४१० जोड गेले. दुसऱ्या आठवड्यात फक्त २१०. मी घाबरलो आणि सगळ्यालाच ५० टक्के लावतो म्हणालो. बायको म्हणाली थांबा, आधी नंबरप्रमाणे मोजू. मोजलं तर मधले नंबर, म्हणजे पुरुषांचे ७, ८, ९, भराभर संपत होते आणि सगळ्यात लहान नि सगळ्यात मोठे नंबर तसेच पडून होते. म्हणजे डिझाईन चालत नव्हतं असं नाही, गिऱ्हाईक आवडलेला बूट उचलायचं, नंबर मागायचं, आम्ही नाही म्हणायचो आणि ते निघून जायचं. सगळ्याला ५० लावलं असतं तर चालते नंबर अजून पटकन आणि स्वस्तात गेले असते आणि पडून राहिलेला माल पडूनच राहिला असता.

मग रॅकच बदलले. डिझाईनप्रमाणे लावलेला माल काढून नंबरप्रमाणे लावला, ५ चा रॅक, १० चा रॅक, आणि वर मोठ्या अक्षरात नंबर. माणूस थेट आपल्या रॅककडे जातो आणि तिथे दिसेल ते सगळं त्याच्या पायाचं असतं. टोकाच्या नंबरांना ५० टक्के, मधल्यांना ३०. तिसऱ्या आठवड्यात ३६० गेले, पुढच्या तीन आठवड्यांत मिळून ८६०.

सूट किती खाली न्यायची याचा हिशोब मात्र मला उशिरा कळला. लेबलवर १०० असेल तर आमची खरेदी साधारण ६० ची, म्हणून ४० टक्क्यांच्या पुढे गेलं की तोटाच वाटायचा. पण ते पैसे तर आधीच गेलेले असतात हो, आता प्रश्न एवढाच की हा जोड शेवटच्या दिवशी उरला तर त्याचे किती येणार? लॉट उचलणाऱ्या व्यापाऱ्याला चौथ्या आठवड्यातच बोलावून भाव विचारला, तो १०० च्या लेबलला १५ म्हणाला. म्हणजे आमची खरी तळाची किंमत ६० नव्हे, १५ होती. सातव्या आठवड्यात सगळ्यालाच ७० टक्के लावले तेव्हा जोडामागे ३० येत होते, लॉटच्या दुप्पट. आणि हा भाव आधीच विचारून ठेवा, शेवटच्या दिवशी विचारलात तर समोरच्याला तुमची तारीख माहीत असते, तो ५ म्हणेल.

एक नियम कडक पाळला, एकदा सूट वाढवली की परत कमी करायची नाही, आणि पुढची सूट कधी येणार हे कुणाला सांगायचं नाही. काउंटरवरच्या पोराने एकाला सांगितलं होतं की पुढच्या आठवड्यात अजून उतरणार, त्या दिवशी तीनचार जण हातातला खोका ठेवून गेले. त्याची चूक नव्हती, आम्हीच त्याला बजावलं नव्हतं.

सातव्या आठवड्यात ३३० गेले, २३० उरले. ते लॉटमध्ये १५ च्याच भावाने गेले, रॅक आणि आरसे शेजारच्या नवीन दुकानदाराने घेतले. किल्ली एक दिवस आधीच दिली.