जाताना सेव्हर, येताना फ्लेक्सी

ताईचं ऑपरेशन होतं. जायची तारीख पक्की, पण यायची डॉक्टर तिला घरी कधी सोडतात त्यावर. तिकीट काढायला बसलो तर प्रत्येक विमानासमोर भाड्याच्या बंडलांचे दोन-तीन खोके: स्वस्तातलं सेव्हर, त्याहून थोडं महाग फ्लेक्सी आणि वर आणखी एक महागडं. मी आणि आई, दोघंच. आधी दोन्ही बाजूंना सेव्हरच टाकणार होतो. मग लक्षात आलं की बऱ्याच कंपन्या जाण्याचं आणि येण्याचं बंडल वेगवेगळं निवडू देतात. एका बुकिंगमधल्या सगळ्या प्रवाशांना मात्र सहसा एकच बंडल घ्यावं लागतं, म्हणजे आईला फ्लेक्सी आणि मला सेव्हर असं जमलं नाही. मग जाताना सेव्हर, येताना फ्लेक्सी असं ठरलं, कारण फ्लेक्सीत तारीख फुकट बदलता येते आणि साधी सीट आणि जेवणही धरलेलं होतं.

जातानाचं थोडक्यात सांगतो. सेव्हरमध्ये हातातली ७ किलोची बॅग आणि खाली टाकायला १५ किलो. जेवण नाही. सीट निवडायची तर वेगळे पैसे, नाही निवडली तर चेक-इनला सिस्टीम देईल ती. आमची मोठी बॅग काउंटरवर १७.४ भरली. जादा किलोचे पैसे विमानतळावर सगळ्यात महाग पडतात, म्हणून तिथेच बाजूला होऊन आईची शाल आणि माझे बूट दुसऱ्या बॅगेत कोंबले. सेव्हर घेणार असाल तर घरीच वजन करा. जास्त भरतंय असं दिसलं तर जादा किलो आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा.

खरी गंमत परतीची. ताईचा मुक्काम दोन दिवसांनी लांबला आणि तारीख बदलायची वेळ आली. ‘फ्री चेंज’ वाचून मी निर्धास्त होतो, आणि स्क्रीनवर तरीही पैसे मागितले! बदल फुकट म्हणजे बदलाची फी माफ. नव्या दिवसाचं भाडं जास्त असेल तर वरचा फरक आपल्यालाच भरावा लागतो. उलट नवं विमान स्वस्त असेल तर उरलेले पैसे बहुतेक वेळा परत येत नाहीत.

हिशेब सोपा व्हावा म्हणून सेव्हरचं भाडं १०० धरतो. त्या प्रमाणात फ्लेक्सी आम्हाला ११८ ला पडलं होतं. नव्या तारखेला फ्लेक्सी १५८ झालं होतं, म्हणून माणशी ४० भरले. सेव्हर असतं तर तेच ४० आणि वर बदलाची फी ६०, म्हणजे पूर्ण १००. आधी भरलेले १८ आणि वाचलेले ६०, एवढाच खेळ. तारीख बदलायची शक्यता तीनात एक असली तर १८ जवळपास वसूल, त्याहून कमी असली तर निव्वळ बदलासाठी फ्लेक्सी घेऊ नका. पण सीट आणि जेवण तुम्ही एरवीही विकत घेणारच असाल, तर त्यांचे पैसे त्या १८ मधून वजा करा. समजा ते १० होत असतील, तर बदलाच्या मुभेची खरी किंमत ८ उरते आणि मग विचार बदलतो.

या मुभेलाही मुदत असते. विमान सुटण्याच्या किती तास आधीपर्यंत बदल चालतो हे भाड्याच्या नियमांत लिहिलेलं असतं. ती वेळ टळली किंवा न सांगता विमान चुकवलं, तर फ्लेक्सीही सहसा वाचवत नाही. आणि बदल करता येतो याचा अर्थ रद्द केल्यावर पैसे परत मिळतात असा नाही, त्याची अट वेगळी वाचा. तिकीट दुसऱ्या साइटवरून काढलं असेल तर विमान कंपनीने फी माफ केली तरी ती साइट स्वतःची फी लावू शकते. मी कंपनीच्याच साइटवरून काढलं होतं, एवढी एक अक्कल दाखवली.

एक मात्र चुकलं. तारीख बदलल्यावर ‘बुकिंग कन्फर्म’ असा मेल आला आणि मी लॅपटॉप मिटला. आईसाठी चौथ्या रांगेतली खिडकी तीन आठवड्यांपूर्वी निवडली होती, ती जुन्या विमानातच राहिली. दुसऱ्या दिवशी चेक-इन करताना दिसलं, की आई २२व्या रांगेत मधल्या सीटवर आणि मी २७मध्ये. साध्या सीटा फ्लेक्सीत धरलेल्याच होत्या, पण बदलानंतर त्या नव्याने निवडाव्या लागतात, आणि तोवर शेजारच्या दोन जागा शिल्लक नव्हत्या. जास्त पाय पसरायच्या रांगेत होत्या, पण त्या या बंडलमध्ये बसत नाहीत. जेवणाचंही तेच झालं. आधी निवडलेलं गळलं आणि नव्याने मागवायची मुदत संपली होती. हवाई सुंदरीने ट्रॉलीवर उरलेलं एक सँडविच आईला दिलं. आईने त्यातलं अर्धं कागदी रुमालात गुंडाळून मागे २७व्या रांगेत माझ्याकडे पाठवलं.