घड्याळात आठच, पण साडेएकोणतीस तास

जानेवारीतला सोमवार, सकाळचे दहा. इंग्लंडमधल्या आमच्या औषधांच्या दुकानात एक मराठी बाई आल्या, शनिवारीच पुण्याहून परतलेल्या. "ताई, मी गर्भनिरोधक गोळी रोज रात्री आठलाच घेते. तिकडेही आठ, इकडेही आठ. जाऊबाई म्हणतात, बारा तासांपर्यंत उशीर चालतो. मग काळजी नाही ना?"

मी पाकीट बघायला मागितलं. त्यावर नॉरेथिस्टेरॉन ३५० मायक्रोग्रॅम. जाऊबाईंची गोळी डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅमची निघाली. दोन्ही मिनी पिल, म्हणजे फक्त प्रोजेस्टोजेन हे हार्मोन असलेल्या, दोन्ही अठ्ठावीस दिवस खंड न पाडता घ्यायच्या, पण बारा तासांची सवलत फक्त दुसरीला. (पाळी पुढे ढकलायला आपल्याकडे देतात ती नॉरेथिस्टेरॉनची ५ मिलिग्रॅमची गोळी वेगळी. ती गर्भनिरोधक म्हणून चालत नाही.)

कागदावर हिशेब मांडला. शुक्रवारची गोळी भारतात रात्री आठला, म्हणजे इंग्लंडमध्ये दुपारी अडीचला. शनिवारची इंग्लंडच्या रात्री आठला. अंतर साडेएकोणतीस तास. बाईंच्या नॉरेथिस्टेरॉनला रोजच्या वेळेपेक्षा तीनच तास उशीर चालतो, म्हणजे दोन गोळ्यांत फार तर सत्तावीस तास. ही मुदत शनिवारी संध्याकाळी साडेपाचलाच संपली होती. भारतात जाताना उलट गोळी लवकर पडते, म्हणून तेव्हा काही बिघडत नाही.

नॉरेथिस्टेरॉन मुख्यतः गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट करते, म्हणजे शुक्राणू वर जात नाहीत. हा परिणाम चोवीस तासांच्या आसपास ओसरू लागतो आणि बीज तर बऱ्याच महिन्यांत सुटतच असतं. डेसोजेस्ट्रेल स्रावही घट्ट करते, पण तिचा खरा भर बीज सुटणं थांबवण्यावर असतो. साधारण ९७ टक्के पाळीचक्रांत ती ते थांबवते. ती पकड काही तासांच्या उशिराने सुटत नाही, म्हणून दोन गोळ्यांत छत्तीस तासांपर्यंत मुभा.

उशीर झाल्यावर आठवताक्षणी गोळी घ्यायची आणि पुढचे अठ्ठेचाळीस तास कंडोम वापरायचा. बाईंचे ते तास सोमवारी रात्री आठला संपणार होते. शनिवारी रात्री संबंध आला होता का, हे विचारणं भाग होतं. बाई हळूच "हो" म्हणाल्या.

मग तातडीची गोळी आलीच. लेव्होनॉर्जेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम, ७२ तासांच्या आत. वजन सत्तर किलोच्या वर असेल तर दुप्पट, पण त्यांचं अठ्ठावन्न होतं. युलिप्रिस्टल ही दुसरी तातडीची गोळी मुद्दाम दिली नाही, कारण आठवडाभरात प्रोजेस्टोजेन पोटात गेलेलं असलं की तिचा परिणाम कमी होऊ शकतो. मिनी पिल रोजच्या वेळेला चालू ठेवायची आणि तीन आठवड्यांनी घरीच लघवीची तपासणी करायची, असं लिहून दिलं.

"मग जाऊबाईंचीच द्या ना," बाई म्हणाल्या. इंग्लंडमध्ये डेसोजेस्ट्रेल २०२१ पासून फार्मासिस्टकडून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळते. फिट्सची किंवा क्षयाची औषधं चालू आहेत का, ते विचारलं. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, रिफॅम्पिसिन यांच्यापुढे दोन्ही मिनी पिल लंगड्या पडतात. तसलं काही नव्हतं. त्यांनी फोनवरचा आठचा गजर मात्र तसाच ठेवला.