हीथ्रोला उतरा, गॅटविकहून उडा: स्वस्त तिकिटामागचा व्हिसा

मावसभावाला कसोटी बघायला बार्बाडोसला जायचं होतं. मुंबईहून थेट विमान नाही, म्हणून तो लंडनमार्गे जाणार होता. बार्बाडोसला भारतीयांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, शिवाय त्याच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा. ‘मग लंडनमध्ये काही लागत नाही’ असं चार जणांनी ठामपणे सांगितलं. सगळ्यात स्वस्त तिकीट त्याने निवडलं आणि पैसे भरायच्या आधी मला पाठवलं.

स्क्रीनवर दोन्ही ओळींत ‘लंडन’ लिहिलेलं. खाली बारीक अक्षरांत मात्र पहिल्या विमानापुढे LHR आणि दुसऱ्यापुढे LGW. म्हणजे उतरायचं हीथ्रोला आणि उडायचं गॅटविकहून. सगळी भानगड या तीन अक्षरांत आहे, म्हणून शहराचं नाव सोडून आधी कोडच वाचावा. पॅरिसला CDG आणि ORY, टोकियोला NRT आणि HND, इस्तंबूलला IST आणि SAW, असे सापळे बऱ्याच शहरांत आहेत.

चार जण म्हणत होते ते अर्धंच खरं होतं. ब्रिटनमध्ये ट्रान्झिटचे दोन प्रकार आहेत. विमानतळाच्या आतच राहून पुढचं विमान पकडलं, तर पासपोर्ट तपासणी ओलांडावी लागत नाही. यासाठी भारतीयांना ‘डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा’ लागतो, पण अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असेल तर त्यातून सूट मिळते. हीथ्रो ते हीथ्रो असतं तर भाऊ या सवलतीवर निघून गेला असता.

गॅटविकला जायचं म्हणजे मात्र पासपोर्ट तपासणी ओलांडून देशात शिरायचं. इथे ती सूट फार आखडते. हातातला व्हिसा ज्या देशाचा, त्याच देशाकडे निघालेलं किंवा तिथून परत येत असलेलं असावं लागतं. पुढचं विमान दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीआधीचं, पक्कं असावं लागतं आणि तरीही शेवटचा निर्णय तपासणीवरच्या अधिकाऱ्याचाच. भाऊ चालला होता बार्बाडोसला, त्यामुळे अमेरिकेच्या व्हिशाचा काही उपयोग नव्हता. त्याला ‘व्हिजिटर इन ट्रान्झिट’ व्हिसा लागणार होता, ज्यावर ४८ तासांपर्यंत थांबता येतं. एअरसाइडवाला काढला असता तरी फुकट गेला असता, कारण त्यावर बाहेर पडता येत नाही. अर्जाच्या सुरुवातीलाच विचारतात की तुम्ही ब्रिटनची सीमा तपासणी ओलांडणार का. नावात ‘ट्रान्झिट’ दिसलं की लोक तिथे ‘नाही’ म्हणून पुढे जातात, याचा मला मनापासून राग येतो. चुकून भरलाच, तर बोटांचे ठसे देण्याआधी अर्ज मागे घ्यावा, तोवर फी परत मिळते.

ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवडे धरावे लागतात. त्याच्या हातात जेमतेम पाच आठवडे होते आणि ठशांची तारीखच दहा दिवसांनी मिळत होती. त्या काळात पासपोर्टही सहसा व्हिसा केंद्रातच राहतो, म्हणजे दुसरं कोणतंच काम करता येत नाही.

आणि हे सगळं लंडनला कळणार नाही, मुंबईच्या सहार विमानतळावरच कळेल. काउंटरवरचा माणूस संगणकात पासपोर्ट, व्हिसा आणि पुढचा मार्ग टाकून नियम बघतो. कागद नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला माणशी २,००० पौंड दंड बसू शकतो, म्हणून तो बोर्डिंग पास देतच नाही. तिथे हुज्जत घालून काही होत नाही.

बॅगेचंही तसंच. एकच विमानतळ असूनसुद्धा दोन तिकिटं वेगवेगळी काढली आणि बॅग पुढे टॅग झाली नाही, तर ती घ्यायला बाहेर यावं लागतं आणि मग पुन्हा सीमा तपासणी आलीच. काउंटरवर टॅग हातात घेऊन शेवटचा कोड वाचावा. बार्बाडोसचा BGI हवा, LHR दिसला तर तिथेच थांबवून विचारावं. विमानतळ बदलताना बॅग स्वतःलाच न्यावी लागते.

हीथ्रो ते गॅटविक कोचने एक ते दीड तास, रस्ता अडला तर जास्त. तपासणी, बॅग आणि दुसरं चेक-इन धरून मी सहा तासांपेक्षा कमी वेळ घेऊ देत नाही. दोन्ही विमानं एकाच पी.एन.आर.वर नसतील तर पहिलं उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तरी नवं तिकीट आपल्याच खिशातून.

शेवटी आम्ही हीथ्रो ते हीथ्रो, एकाच पी.एन.आर.चं तिकीट घेतलं. अठरा हजार जास्त पडले. व्हिसा फी, कोच आणि तीन आठवड्यांची धाकधूक वजा केली तर फरक फारच थोडा उरला. निघताना त्याने सहारहून टॅगचा फोटो पाठवला. शेवटचा कोड BGI होता.